साईट पाडून नवी बांधू की डागडुजी करू? बजेट साठ हजार

आगळ · ८ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. सासूबाईंनी सुरू केलेला घरगुती व्यवसाय आहे: कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी, काजू, कुळीथ पीठ. एकूण ४६ वस्तू. २०१८ मध्ये पुण्याच्या एका मुलाकडून वर्डप्रेस-वूकॉमर्सवर साईट करून घेतली. तेव्हा बरी चालली. आता मोबाईलवर उघडायला फार वेळ लागतो, दिसतेही जुनाट, आणि डॅशबोर्डवर रोज कसल्यातरी लाल-पिवळ्या सूचना असतात. तो मुलगा आता नोकरीला लागलाय, फोन उचलतो पण काम घेत नाही.

एका एजन्सीने सगळं नव्याने करायचे १,४०,००० सांगितले. ओळखीचा एक जण म्हणतो, महिन्याला थोडं थोडं सुधारत जा, पूर्ण नवीन काही नको. आमच्याकडे ६०,००० आहेत, त्याहून एक रुपया जास्त नाही. दिवाळीच्या ऑर्डरींसाठी पुठ्ठ्याचे खोके आणि बाटल्याही याच पैशातून यायच्या असतात, म्हणून भीती वाटते.

साईटवरून महिन्याला ३०-३५ ऑर्डरी येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच्या दुप्पट. काय करावं?

---

वाळूसिमेंट · ८ जुलै, रात्री १०:०५

ताई, साईट किती गुंठ्यांची? बांधकाम लोडबेअरिंग आहे की आरसीसी? २०१८ चं असेल तर पाडायची गरज पडू नये. पण साठ हजारात कोकणातल्या पावसाला पुरेल असं स्लॅबचं वॉटरप्रूफिंगही धड होणार नाही, एवढं आधीच सांगतो.

---

पिंट्या_कोथरूड · ८ जुलै, रात्री १०:०९

😂😂 काका, वेबसाईट! वेबसाईट!

---

वाळूसिमेंट · ८ जुलै, रात्री १०:१४

हात्तिच्या! चश्मा न लावता वाचलं. चालू द्या.

तरी एक सांगून जातो. आमच्यात दुरुस्ती की पाडकाम हे भिंतीचा रंग बघून ठरवत नाहीत. कॉलम-बीमवर हातोडीने ठोकून बघतात. पोकळ आवाज आला तर आतली सळई गंजली असं समजायचं. मग वरून कितीही प्लास्टर करा, दोन पावसाळ्यांत पुन्हा पडतं. आवाज भरीव आला तर रंग लावा आणि सुखाने राहा. तुमच्या त्या साईटला अशी काही हातोडी असते का, ते जाणकारांना विचारा.

---

पिंट्या_कोथरूड · ८ जुलै, रात्री १०:३०

सरळ शॉपिफायवर जा. अपडेट नाही, होस्टिंग नाही, कटकट नाही. तयार थीम घ्यायची, ४६ वस्तू दोन दिवसांत चढतात. माझ्या मित्राने टी-शर्टचं दुकान असंच केलंय. आणि आत्ताच्या साईटला पेजस्पीडमध्ये टाकून बघा. मोबाईलचा आकडा ५० च्या खाली असेल तर ती साईट मेली समजा, तिच्यावर पैसे घालू नका.

---

गोदाकाठ · ९ जुलै, सकाळी ७:५०

मी बारा-तेरा वर्षं हेच काम करतो, बहुतेक छोट्या दुकानांचं. वाळूसिमेंट काकांची हातोडी मला फार आवडली. वर्डप्रेसलाही तशी हातोडी असते, त्यावर खाली येतो.

पिंट्याभाऊ, आकडा लाल आला म्हणजे साईट मेली असं नसतं. पेजस्पीड एक हळू फोन आणि हळू नेट गृहीत धरून तो आकडा काढतं. खऱ्या गिऱ्हाईकांचा अनुभव त्याच पानावर वर दाखवतात, पण इतक्या कमी वर्दळीच्या साईटला तिथे 'No Data' येतं. लाल आकड्यामागचं कारण बघायला हवं. दहातल्या सात दुकानांत मला एकच कारण सापडतं: फोनने काढलेले चार-चार एमबीचे फोटो जसेच्या तसे चढवलेले. त्यासाठी घर पाडत नाहीत.

शॉपिफाय वाईट नाही. पण तिथे महिन्याचं भाडं कायमचं, आणि भारतात पेमेंट गेटवेच्या कमिशनशिवाय शॉपिफायचं स्वतःचं शुल्क वेगळं. शिवाय पत्ते बदलतात. वूकॉमर्सवर वस्तूचं पान `/product/` खाली असतं, शॉपिफायवर ते `/products/` खालीच ठेवावं लागतं, बदलता येत नाही. म्हणजे गूगलला माहीत असलेला आणि लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवलेला प्रत्येक दुवा तुटतो. प्रत्येकाला जुन्यावरून नव्यावर वळवावं लागतं. ४६ वस्तूंना ते अवघड नाही, पण कुणीतरी आठवणीने करायला हवं.

आता ताई, सल्ला देण्याआधी चार गोष्टी विचारतो.

डोमेन कोणाच्या नावावर आहे आणि त्याचं लॉगिन तुमच्याकडे आहे का? होस्टिंगचं बिल कोण भरतं? थीम विकत घेतलेली असेल तर कोणाच्या खात्यातून? आणि 'Tools' मध्ये 'Site Health' उघडून, साईट ज्या भाषेवर चालते त्या पीएचपीची आवृत्ती कोणती लिहिली आहे ते बघा.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जूनमध्ये किती लोक साईटवर आले, किती कार्टपर्यंत गेले, किती चेकआऊटपर्यंत, आणि पैसे किती जणांनी भरले?

---

आगळ · ९ जुलै, रात्री ९:१५

भाच्याला बसवून सगळं शोधलं. डोमेन त्या मुलाच्या खात्यात. होस्टिंगही त्याच्याच खात्यात, आम्ही दरवर्षी त्याला ६,५०० पाठवतो. थीमसुद्धा त्याच्याच नावावर. पीएचपी ७.४.

जूनचे आकडे: साईटवर आले साधारण २,४००. कार्टपर्यंत ३००. चेकआऊटपर्यंत १७०. 'ऑर्डर करा' हे बटण दाबलं ७५ जणांनी. पैसे आले ३४ ऑर्डरींचे. उरलेल्या ४१ 'Cancelled' दिसतात. मला वाटायचं लोकांनी विचार बदलला.

---

दशावतार · ९ जुलै, रात्री ९:३२

बाय गो, आधी सगळ्यो चावयो आपल्या हातात घे, मगे बाकीचा बग. आमच्या ओळखीतल्या एका होमस्टेवाल्याचं डोमेन असंच दुसऱ्याच्या खात्यात होतं. त्या माणसाचा ईमेल बदलला, नूतनीकरणाची सूचना कुणाला दिसलीच नाही, आणि मे महिन्याच्या ऐन गर्दीत साईट बंद. आठ दिवस धावपळ.

---

गोदाकाठ · ९ जुलै, रात्री १०:४०

दशावतार म्हणतात तेच पहिलं. नवी करा की जुनी ठेवा, घर आपल्या नावावर हवं. डोमेन तुमच्या नावाच्या खात्यात हलवून घ्या. तो मुलगा फोन उचलतोय तोवर हे होईल.

आता त्या ४१. त्यातली कुठलीही एक उघडा, उजवीकडे 'Order notes' बघा. तिथे `Unpaid order cancelled - time limit reached` असं लिहिलंय का? वूकॉमर्स ठराविक वेळ, बहुधा तासभर, पैशांची वाट बघतं आणि मग ऑर्डर आपोआप रद्द करतं. त्या लोकांनी स्वतः रद्द केलेली नसते. ते पैसे भरायच्या पानापर्यंत पोचले होते. नाव, पत्ता, पिनकोड सगळं भरून. विकत घ्यायला आलेलं माणूस याहून जवळ येऊ शकत नाही.

म्हणून गेटवेच्या डॅशबोर्डवर जाऊन जूनचे आलेले पैसे आणि या ४१ ऑर्डरी एकमेकांशी ताडून बघा. मला एक शंका आहे.

---

आगळ · १० जुलै, रात्री ८:५०

तुमची शंका खरी निघाली. मी अजून हादरलेली आहे.

४१ पैकी ९ जणांचे पैसे गेटवेवर जमा आहेत. म्हणजे त्यांनी पैसे भरले आणि आमच्याकडे ऑर्डर रद्द! सहा जणांनी फोन केला होता, त्यांना आम्ही तेव्हा माल पाठवला. मला वाटलं नेटवर्कचा प्रश्न असेल. तिघांनी फोनच केला नाही. आज तिघांना फोन करून माफी मागितली. डोंबिवलीच्या एक बाई म्हणाल्या, "मला वाटलं फसवणूक झाली." २८० रुपयांच्या आगळाच्या बाटलीसाठी.

---

गोदाकाठ · १० जुलै, रात्री ९:३०

पैसे आले की गेटवे तुमच्या साईटला परस्पर निरोप पाठवतो. गिऱ्हाईक फोनवर यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन पैसे भरतं आणि पुष्कळदा ब्राउझरमध्ये परत येतच नाही. त्यामुळे हा मागच्या दाराने येणारा निरोपच खरा. तो न पोचल्यामुळे साईटला पैसे आल्याचं कळत नाही. गेटवेच्या सेटिंगमध्ये 'Webhooks' उघडा, तिथला पत्ता `http://` ने सुरू होतोय का बघा.

---

आगळ · १० जुलै, रात्री ९:५२

हो!! `http://` आहे. दोन वर्षांपूर्वी त्या मुलाने ते कुलूपवालं `https` केलं होतं, तेव्हा हे तसंच राहिलं असणार.

---

गोदाकाठ · १० जुलै, रात्री १०:०१

एक अक्षर वाढवा, सेव्ह करा, स्वतः दहा रुपयांची ऑर्डर टाकून बघा. खर्च शून्य.

आणि गंमत बघा. ही साईट तुम्ही १,४०,००० देऊन नवी केली असती तर हा दोष आपसूक गेला असता, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, नव्या डिझाईनमुळे विक्री वाढली.

---

हिशोबनीस · ११ जुलै, सकाळी ६:२०

मी पेशाने लेखापाल, त्यामुळे माझा रस रंगात नाही, रकमेत. ३४ ऑर्डरी, सरासरी ७५० धरले तर महिन्याला साईटची विक्री २५,५००. घरगुती मालात सगळं वजा जाता ३० टक्के सुटतात असं धरू, म्हणजे ७,६५०. त्या हिशोबाने एजन्सीचे १,४०,००० वसूल व्हायला दीड वर्ष, तेही विक्रीत काही फरक पडला नाही तर. फरक पडला तर लवकर. पण किती पडेल हे एजन्सीने लिहून दिलंय का?

दुसरी सूचना. "थोडं थोडं सुधारत जा आणि बघत राहा" हे ऐकायला गोड आहे, पण ३४ ऑर्डरींत काय बघणार? महिन्याला ३४ येत असतील तर काहीही न बदलता कधी २८ येतील, कधी ४०. तुम्ही बटणाचा रंग हिरवा केला आणि पुढच्या महिन्यात ४० आल्या, तर हिरवा रंग पावला असं वाटेल. तो निव्वळ योग असेल. वर तुमचा धंदा हंगामी, मे महिन्याची तुलना जुलैशी करून चालणारच नाही.

---

पिंट्या_कोथरूड · ११ जुलै, सकाळी ९:१०

मग टप्प्याटप्प्याने करण्यात अर्थ काय? मोजता येत नसेल तर एकदाच सगळं करून टाकलेलं बरं.

---

गोदाकाठ · ११ जुलै, दुपारी १:३०

हिशोबनीसांचं बरोबर आहे, आणि म्हणूनच छोट्या दुकानाने बटणाचे रंग बदलून मोजत बसू नये. ते लाखो गिऱ्हाईकं असणाऱ्यांचं काम. छोट्या दुकानाने अशा गोष्टी दुरुस्त कराव्यात ज्यांचं कारण डोळ्यांनी दिसतं. पैसे भरूनही रद्द झालेल्या ऑर्डरी जूनमध्ये ९ होत्या, दुरुस्तीनंतर त्या शून्य व्हायला हव्यात. त्याला योगायोगाचं गणित लागत नाही.

अशी कारणं शोधायची कशी? जवळ बसून बघायचं. ओळखीतले चार-पाच जण घ्या, ज्यांनी तुमची साईट कधी वापरलेली नाही. त्यांच्याच फोनवर आगळाची एक बाटली मागवायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. "इथे दाब" असंही म्हणायचं नाही. कुठे बोट थांबतं ते लिहून ठेवा.

---

थेम्सकाठी · ११ जुलै, दुपारी ४:४५

इथल्या मार्क्स अँड स्पेन्सरचं उदाहरण आठवलं. ते आधी अ‍ॅमेझॉनच्या यंत्रणेवर होते. २०१४ च्या फेब्रुवारीत स्वतःची कोरी नवी साईट आणली. जुन्या गिऱ्हाईकांना पुन्हा नोंदणी करावी लागली, ते साधारण साठ लाख लोक होते. पुढच्याच तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. पैसा आणि माणसं दोन्ही उदंड असणाऱ्यांची ही गत.

---

पिंट्या_कोथरूड · ११ जुलै, सायंकाळी ५:०२

कुठे मार्क्स अँड स्पेन्सर आणि कुठे वेंगुर्ल्याची फणसपोळी. त्यांची पुढे सावरली असेलच की. आयुष्यभर अ‍ॅमेझॉनच्या घरात भाड्याने राहायचं होतं का त्यांनी?

---

थेम्सकाठी · ११ जुलै, सायंकाळी ५:२०

मान्य, बाहेर पडायला त्यांना कारण होतं. मला एवढंच सांगायचं होतं की नवी साईट आली की जुन्या गिऱ्हाईकाची सवय मोडते, आणि तो खर्च कोटेशनमध्ये नसतो.

---

मनुका · ११ जुलै, रात्री ९:००

मी नाशिकहून मनुका-बेदाणे विकते. माझी कहाणी ऐका, मी पूर्ण नवी साईट केली होती. दिसायला झकास. डेव्हलपरने आधी ती एका प्रतीवर बनवली, मग रात्रीतून खरी केली. तीन आठवडे ऑर्डरी घटत गेल्या. मला वाटलं हंगाम संपला. शेवटी दीर म्हणाला, वहिनी, गूगलवर तुमचं नावच येत नाहीये. प्रतीवर काम करताना `Discourage search engines from indexing this site` या खुणेवर टिक करून ठेवतात, ती काढायची राहून गेली होती. टिक काढल्यावरही आधीची जागा परत यायला दोन-अडीच महिने गेले.

त्यामुळे मी आता "नवीन" शब्द ऐकला की घाबरते. माझ्या मते तुम्ही काहीही मोठं करूच नका.

---

आगळ · १४ जुलै, रात्री १०:१०

मनुकाताई, धन्यवाद, ही टिक वहीत लिहून ठेवली.

गोदाकाठ दादांनी सांगितल्याप्रमाणे चौघांना बसवून बघितलं. मावशी, शेजारची कॉलेजातली मुलगी, यांचे बँकेतले मित्र, आणि पुण्याची वहिनी (ती व्हिडिओ कॉलवर, फोनचा स्क्रीन दाखवून). गप्प बसणं फार कठीण गेलं.

मावशी चेकआऊटवर अडकली. तिथे पासवर्ड तयार करायला सांगतात. ती म्हणाली, "आमसुलांना कसला गो पासवर्ड?" बँकेतले मित्र 'कूपन कोड' चा चौकोन बघून थांबले, म्हणाले आधी कूपन शोधतो, आणि साईट सोडून गूगलवर गेले. आम्ही आजवर एकही कूपन काढलेलं नाही! आणि वहिनी सगळ्यात शेवटी, कुरिअरचे १४० रुपये बघून, "अय्या" म्हणाली. २८० ची बाटली आणि १४० हमाली. हे तिला पार शेवटच्या पानावर कळलं. आधी कुठेच लिहिलेलं नव्हतं.

फोटो हळू उघडतात ही तक्रार चौघांचीही होती. दिसण्याबद्दल एकटी कॉलेजवाली बोलली. "काकू, जुनी वाटते, पण घरगुती आहे ना, चालेल."

---

गोदाकाठ · १५ जुलै, सकाळी ८:१५

यातल्या पहिल्या दोन गोष्टी म्हणजे वूकॉमर्सच्या सेटिंगमधल्या दोन टिका. 'Accounts & Privacy' मध्ये खात्याशिवाय ऑर्डर करू द्या, आणि 'General' मध्ये कूपन बंद करा. दहा मिनिटं.

फोटो भाच्याला द्या. रुंदी १,२०० पिक्सेलवर आणायची, वजन दीड-दोनशे केबीच्या आत. ४६ वस्तू, एक-दोन संध्याकाळी. पुढे साईट बदलली तरी हे फोटो तसेच वापरता येतील. पैसे कमी असताना मी कामं याच चाळणीतून गाळतो: आज केलेलं उद्या नव्या साईटवरही उपयोगी पडणार आहे का? फोटो, वस्तूंची वर्णनं, कुरिअरचे दर, डोमेनची मालकी हे सगळं पुढे येतं. जुन्या थीमच्या पोटात शिरून केलेली दुरुस्ती थीमबरोबरच जाते. तिथे एक रुपयाही घालू नका.

कुरिअरचा प्रश्न मात्र साईटचा नाही, धंद्याचा आहे. ते तुम्हीच ठरवायचं.

आता हातोडी. पीएचपी ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबलंय. होस्टिंगवाला एक दिवस ती आवृत्ती काढून टाकेल किंवा जास्त पैसे मागेल. तेव्हा साईटची एक प्रत काढा, प्रतीवर पेमेंट आणि ईमेल दोन्ही बंद करा (नाहीतर प्रतीवरून खऱ्या गिऱ्हाईकांना पत्रं जातात), मनुकाताईंची ती टिक तिथे लावा, आणि पीएचपी ८ च्या पुढची आवृत्ती चढवा. मग पानं उघडून बघा. सगळं नीट चाललं तर आवाज भरीव. कोरं पांढरं पान आलं तर ते कुठून आलं ते कळवा.

---

आगळ · १८ जुलै, रात्री ११:२०

डोमेन आमच्या नावावर आलं! तो मुलगा चांगला आहे, एका संध्याकाळीच करून दिलं.

होस्टिंगवाल्याने प्रत काढून दिली. पीएचपी बदलल्यावर मुखपृष्ठ कोरं पांढरं. वस्तूंची पानं उघडतात, पण मोडकी. भाच्याने एररची फाईल बघितली, तिच्यात थीमच्या फोल्डरचं नाव आणि पेज बिल्डरचं नाव पुन्हा पुन्हा येतंय. मग त्याने प्रतीवर वूकॉमर्सची स्टोअरफ्रंट ही फुकटची थीम लावून बघितली, तर साईट उठली! सगळ्या वस्तू, जुन्या ऑर्डरी जागच्या जागी. पण काही पानांवर असं दिसतं:

```
[vc_row][vc_column][vc_column_text]
```

हे काय आहे?

---

गोदाकाठ · १९ जुलै, सकाळी ८:४०

वा, भाच्याला फणसपोळी द्या. अर्धं निदान त्याने केलं.

म्हणजे सळई भक्कम आहे, पोकळ आवाज फक्त थीमचा. वस्तू, ऑर्डरी, गिऱ्हाईकं, पत्ते हे सगळं डेटाबेसमध्ये असतं आणि ते धडधाकट आहे. थीमबरोबर आलेला पेज बिल्डर थीमच्याच लायसन्सवर असतो, ते त्या मुलाच्या खात्यात, म्हणून इतकी वर्षं अपडेट झालं नाही. ते कंस म्हणजे त्या बिल्डरने मजकुरात सोडलेल्या खुणा. बिल्डर गेला की उघड्या पडतात. पुसून टाकायच्या, मधला मजकूर ठेवायचा. किती पानं आहेत ती मोजा. खरी मजुरी त्यातच आहे.

तेव्हा माझं उत्तर: पाडायची नाही, आणि या थीमवर डागडुजीही करायची नाही. फक्त थीम बदला. एकही पत्ता बदलणार नाही, त्यामुळे गूगलचं काही बिघडत नाही. बाहेरच्या माणसाकडून केलंत तर हे काम २०-२५ हजारांच्या आत बसायला हवं.

एक धोका सांगतो, कारण इथे चांगले चांगले फसतात. प्रतीवर दोन आठवडे काम करून ती अख्खी प्रत खऱ्या साईटवर ओतू नका. त्या दोन आठवड्यांत आलेल्या ऑर्डरी पुसल्या जातात, कारण प्रतीच्या डेटाबेसमध्ये त्या नसतातच. प्रतीवर सराव करायचा, काय काय केलं ते लिहून ठेवायचं, आणि एखाद्या मंगळवारी रात्री खऱ्या साईटचा बॅकअप घेऊन तेच तिथे पुन्हा करायचं.

---

पिंट्या_कोथरूड · १९ जुलै, सकाळी १०:०५

थीम बदलणं म्हणजे रीडिझाईनच झालं की! मी वेगळं काय म्हणत होतो?

---

गोदाकाठ · १९ जुलै, सकाळी १०:३०

नाव काहीही द्या. तुम्ही जागा बदलायला सांगत होता, मी दर्शनी भाग बदलायला सांगतोय.

---

हिशोबनीस · १९ जुलै, रात्री ८:००

थीमचे २५,००० धरा, होस्टिंग स्वतःच्या नावावर नवं घेतलं तर त्याचे आठेक हजार. ३३,००० झाले. उरलेले २७,००० हातात ठेवा, खोके-बाटल्यांना. मला हा हिशोब पटतो. फक्त गोदाकाठ, हे काम दिवाळीच्या आधी की नंतर?

---

गोदाकाठ · १९ जुलै, रात्री ९:१५

ऑगस्टच्या मध्यापर्यंत झालं तर आधी. गणपतीच्या आत जमलं नाही तर सरळ दिवाळीनंतर. मधल्या काळात हात लावायचा नाही.

---

मनुका · १९ जुलै, रात्री ९:४०

मी असते तर दिवाळीनंतरच केलं असतं. सुरू आहे ते सुरू आहे.

---

दशावतार · १९ जुलै, रात्री ९:५५

मनुकाताई, मेलेल्या पीएचपीवर पैसे घेणारं दुकान दिवाळीपर्यंत चालवणं हीसुद्धा जोखीमच. आणि एक प्रश्न कुणीच विचारत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर दुप्पट ऑर्डरी येतात, तर साईट हवीच कशाला?

---

आगळ · १९ जुलै, रात्री १०:३०

दशावतार, हा प्रश्न आमच्या घरातही रोज निघतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवरचे बरेच जण आधी साईटवर भाव बघून येतात. आणि रात्री अकरा वाजता "ताई आमसुलं आहेत का" ला उत्तर मलाच द्यावं लागतं. साईट निदान मला उठवत नाही.

---

आगळ · ३ ऑगस्ट, रात्री ९:२०

थोडा अहवाल. गेटवेचा निरोप दुरुस्त केल्यापासून पैसे भरूनही रद्द झालेली ऑर्डर एकही नाही, मी रोज ताडून बघते. जुलैत पैसे आलेल्या ऑर्डरी ४३. हिशोबनीस काका, हे योगायोग असू शकतं हे माहीत आहे, तरी सासूबाईंना सांगितलं नाही.

कुरिअरचं अजून ठरत नाही. प्रत्येक वस्तूच्या पानावर "महाराष्ट्रात कुरिअर १४०, दोन किलोपर्यंत एवढाच" असं लिहिलं. त्यामुळे काही जण दोन-तीन बाटल्या एकदम घेऊ लागलेत असं वाटतं. हे म्हणतात, भावातच धरून "कुरिअर मोफत" लिहू. पण मग दुकानात येऊन २८० ला नेणाऱ्याला साईटवर ४२० दिसणार. तुम्ही कसं करता?

खुणांची पानं मोजली: २०. त्यातल्या १४ वस्तू, ६ इतर पानं. भाचा आणि मी रोज जेवणानंतर बसतो. बारा झाली.

---

मनुका · ३ ऑगस्ट, रात्री ९:४५

मी अर्धा खर्च भावात धरते, अर्धा वेगळा दाखवते. दोन्हीकडून शिव्या खाते. 😄

---

हिशोबनीस · ४ ऑगस्ट, सकाळी ६:१५

४३ चं सांगायचं तर, ३४ मध्ये बुडालेल्या ९ मिळवल्या की ४३ होतात. योगायोग म्हणा नाहीतर काही म्हणा, सासूबाईंना सांगून टाका. पण ऑगस्टचा आकडाही सांगा, तो कितीही आला तरी.

---

वाळूसिमेंट · ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

ताई, दोन बाटल्या आगळ आणि अर्धा किलो काजू हवेत. चश्मा लावून साईटवरूनच मागवतो. पत्ता इचलकरंजीचा. अडलो तर इथे लिहितो.